एकच बोरमाळ, तिचे दोन आकडे

*नाना, नमस्कार. आम्ही तीन भावंडं. दादा अमळनेरला शेती बघतो, मी नाशिकला, धाकटी पुण्याला. वडील आधीच गेले, मागच्या वर्षी आई गेली. तिची बोरमाळ दादाकडे आहे. ती घरातच राहावी आणि आम्हा बहिणींना हिश्शाचे पैसे मिळावेत, इथपर्यंत तिघांचं एकमत आहे. पण दादाने जळगावच्या एका पेढीवर दाखवली तर २,९४,८८० सांगितले आणि धाकटीकडच्या सरकारमान्य व्हॅल्युअरच्या कागदावर ६,२९,३०१ आहेत. तो कागद तिने मुलाच्या परदेशी शिक्षणाच्या फाइलसाठी करून घेतला होता. मामा म्हणतात, मधला आकडा धरा आणि मिटवा. त्यात आईच्या वहीत "बोरमाळ पाच तोळे" असं लिहिलंय आणि पेढीवाला अडतीस ग्रॅमच म्हणतो, त्यामुळे धाकटीचा वहिनीवर संशय आहे. आखाजीला आम्ही दोघी माहेरी जाणार आहोत. दोन्ही कागदांचे फोटो पाठवतेय. खरा कोण? – मधली*

ताई, फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. नुसते आकडे कळवले असते तर मलाही अंदाजच करावा लागला असता. दोन्ही कागदांवर सोन्याचा भाव एकच लावलाय, चोवीस कॅरेटला ग्रॅममागे १०,००० रुपये, म्हणजे भावाचा गोंधळ नाही. माळेचं वजनही दोघांच्या काट्यावर ५८ ग्रॅमच भरलंय. वाद पुढे सुरू होतो.

पेढीवाल्याने ५८ मधून लाख आणि दोरा-गोंडा मिळून २० ग्रॅम वजा केले, उरले ३८. टंच धरला ८०, म्हणजे शंभरात ऐंशी भाग शुद्ध सोनं. त्याचं झालं ३०.४ ग्रॅम शुद्ध, म्हणजे ३,०४,०००. त्यातून तीन टक्के घट कापून २,९४,८८०. व्हॅल्युअरने ५८ च्या ५८ ग्रॅम बावीस कॅरेट सोनं धरलं, ग्रॅमला ९,१६० प्रमाणे ५,३१,२८०. त्यावर पंधरा टक्के घडणावळ, त्यावर तीन टक्के जीएसटी, आणि आले ६,२९,३०१.

दोन कागदांतला फरक ३,३४,४२१ रुपयांचा आहे. तो कुठून आला हे बघायचं तर एकेक पायरी सोडवून बघावी लागते. त्यातले १,८३,२०० नुसत्या त्या वीस ग्रॅमचे आहेत, जे एकाने लाख आणि दोरा म्हणून काढून टाकले आणि दुसऱ्याने सोनं म्हणून मोजले. टंचाच्या मतभेदाचे फक्त ४४,०८०. घडणावळ आणि जीएसटीचे मिळून ९८,०२१. उरलेले नऊ हजार आणि काही घटीचे. म्हणजे अर्ध्याहून जास्त भांडण मण्यांच्या पोटात काय आहे याचं आहे, आणि ते दोघांपैकी कुणीच बघितलेलं नाही.

आपल्याकडच्या जुन्या बोरमाळा बहुतेक लाखेच्याच. सोन्याच्या पातळ पत्र्याच्या दोन वाट्या ठोकायच्या, डाक लावून जोडायच्या आणि पोकळ मणी चेपू नये म्हणून आत लाख भरायची. ती लाख कधी निव्वळ असते, कधी तिच्यात विटेची भुकटी कालवलेली असते, त्यामुळे सारख्याच आकाराच्या दोन माळांतही तिचं वजन वेगळं निघतं. बाहेरून बघून किती लाख आहे हे सांगणारा सराफ अंदाजच सांगत असतो, आणि विकत घेणारा अंदाज करताना स्वतःच्या बाजूला झुकतो. त्यात लबाडीच असते असं नाही. मणी आटवल्यावर सोनं कमी निघालं तर तोटा त्याच्या डोक्यावर येणार असतो. दादा तिथे 'किंमत सांगा' म्हणून गेला असेल, पण पेढीने त्याला सांगितला तो स्वतःचा खरेदीचा भाव. मोड घेताना ती हेच बोलते.

व्हॅल्युअरच्या कागदावर तळाशी बारीक अक्षरात एक ओळ आहे, ती धाकटीला मोठ्याने वाचून दाखवा. 'वजन ढोबळ, कॅरेट मालकाने सांगितल्यानुसार, दागिना न उघडता' असा तिचा अर्थ आहे. याचा अर्थ कागद खोटा आहे असा नाही. तो वेगळ्या कामाचा आहे. परदेशी शिक्षणाच्या फाइलला कुटुंबाची मालमत्ता जास्त दिसली तर हवीच असते. शिवाय घडणावळ आणि जीएसटी मिळवून जो आकडा येतो तो 'अशीच माळ आज नवी घ्यायची झाली तर किती पडतील' याचं उत्तर असतं. विमा उतरवायला किंमत याच पद्धतीने काढतात. मात्र विम्यासाठीसुद्धा लाखेला सोन्याचा भाव लावणं चूकच. माळ चोरीला गेली तर विमा कंपनी निव्वळ वजनाचा पुरावा मागेल तेव्हा हा कागद उपयोगाचा नाही.

म्हणून मामांचा सल्ला मला मान्य नाही. मामांचा हेतू चांगला आहे, पण एक आकडा 'मोडली तर माझ्याकडून किती मिळतील' याचा आहे आणि दुसरा 'न उघडता नवी समजली तर किती' याचा. या दोघांची सरासरी कशाचीच किंमत नसते. शिवाय ज्याला मधला आकडा वर सरकवायचा असेल त्याने आणखी फुगवलेला कागद आणला की झालं.

आता करायचं काय ते सांगतो. आखाजीला तिघं जमणारच आहात, तर सण झाल्यावर एक दिवस काढून तिघंही जळगावला जा. एकाने जाऊन दुसऱ्याला सांगणं नको. माळेत मणी किती ते घरीच मोजून, फोटो काढून, तिघांच्या सहीने लिहून ठेवा. फोटोत मला चाळीस दिसतात. एखाद्या जुन्या कारागिराकडे, जो लाखेचं काम स्वतः करतो त्याच्याकडे, माळ ओवून घ्यायची आहे आणि तीन मणी उघडायचे आहेत असं सांगा. पुढचं सगळं तुमच्या डोळ्यादेखत, मिलीग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या एकाच काट्यावर झालं पाहिजे.

आधी माळ सोडवून नुसते मणी तोलायचे, दोरा आणि गोंडा वेगळा. मग तीन मणी एकेक तोलून घ्यायचे. कारागीर मणी हलका गरम करून भोकातून लाख काढतो. आत चिकटून राहिलेली लाख जाळून काढावी लागते, नाहीतर रिकामं कवच जड भरतं आणि सोनं जास्त दिसतं. म्हणून कवच काळपट राहिलं असेल तर ते परत तोलायला लावा. समजा भरलेला मणी सरासरी १.४० ग्रॅमचा निघाला आणि रिकामं कवच १.०५ ग्रॅमचं. मग चाळीस मण्यांचं सोनं ४२ ग्रॅम, लाख १४ ग्रॅम आणि दोरा-गोंडा २ ग्रॅम, जमा बरोबर ५८. तीन मण्यांची कवचं एकमेकांच्या अगदी जवळ आली तर बाकी सदतीस उघडायची गरज नाही. एखादं लक्षणीय वेगळं आलं तर मधे कधीतरी मणी बदलले गेलेत असं समजा आणि आणखी पाच-सहा उघडा. तीनपैकी दोन मणी कारागीर परत लाख भरून देईल. तिसरा टंचासाठी जाईल, आणि चाळीसातला एक गेला म्हणून माळेचं रूप बिघडत नाही.

पाण्यात बुडवून घनता काढण्याचा प्रयोग घरचं कुणी सुचवील, कॉलेजात शिकलेला भाचा असतोच. भरीव पाटलीला तो ठीक आहे. पोकळ मण्यात भोकातून पाणी किती शिरलं आणि लाखेत भुकटी किती हे कळत नाही, म्हणून इथे तो चालणार नाही.

टंचाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण तिथे लोक मशीनवर डोळे मिटून विश्वास ठेवतात. दुकानात जे कॅरेट मोजायचं मशीन असतं, ज्याला सराफ कॅरेटोमीटर म्हणतात, त्यातले क्ष-किरण सोन्याच्या फक्त वरच्या थरापर्यंत पोचतात, केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी. जुन्या दागिन्याला वर्षानुवर्षं तेजाबात उजाळा दिलेला असतो. तेजाबाने वरच्या थरातलं तांबं निघून जातं आणि सोनं उरतं, त्यामुळे मशीन ९१ दाखवतं आणि आतलं सोनं ८६ निघू शकतं. कसोटीवर उलट घडतं. सराफ मण्याच्या भोकाजवळची कड घासतो, आणि जोडाच्या आसपास डाक असतो. डाक वितळायला सोपा असावा म्हणून मुद्दामच हलक्या टंचाचा केलेला असतो. पेढीवाल्याचे ८० तिथून आले असावेत अशी मला दाट शंका आहे.

दोन्ही टाळायचं तर त्या तिसऱ्या मण्याचं अख्खं कवच, जोडासकट, मुशीत आटवून त्याची एक गोळी करायची. डाक आणि पत्रा एकजीव झाले की जो टंच येईल तो मण्याचा खरा टंच. ती गोळी भारतीय मानक ब्युरोची मान्यता असलेल्या हॉलमार्किंग केंद्रात न्या. जळगावात अशी केंद्रं आहेत. तिथे 'मशीनवर नको, भट्टीची तपासणी हवी' असं स्पष्ट सांगायचं. भट्टीच्या तपासणीत सोन्याचा छोटा तुकडा चांदीबरोबर शिशाच्या पत्र्यात गुंडाळून तापवतात. शिसं तांब्याला घेऊन खालच्या सच्छिद्र कुपीत जिरतं. उरलेल्या गोळीचा पत्रा लाटून तो नायट्रिक आम्लात उकळतात, चांदी विरघळते आणि निव्वळ सोनं मागे राहतं. त्याचं वजन मूळ तुकड्याशी ताडलं की टंच दशांशापर्यंत कळतो. यासाठी पाव ग्रॅमसुद्धा पुरतं. उरलेली गोळी परत मागून घ्या.

समजा टंच ८६ आला. ४२ ग्रॅमला ८६ म्हणजे ३६.१२ ग्रॅम शुद्ध सोनं. त्याच भावाने ३,६१,२०० रुपये. पेढीच्या आकड्यापेक्षा साडेसहासष्ट हजारांच्या आसपास जास्त आणि व्हॅल्युअरच्या आकड्यापेक्षा दोन लाख अडुसष्ट हजारांनी कमी. तुमची कवचं आणि टंच वेगळे निघतील, तेव्हा आकडाही वेगळा येईल. रीत मात्र हीच.

वाटणीला याच आकड्यावर थांबा असं मी म्हणेन. घट कापू नका, कारण माळ कुणी आटवत नाहीये. घडणावळ आणि जीएसटीही मिळवू नका, कारण उद्या दादाला ती विकावी लागली तर त्यातला रुपयाही त्याच्या हाती येणार नाही. कुणी म्हणेल, दादाला घडलेली माळ मिळतेय, मग घडणावळ का सोडायची? तुम्हा बहिणींना पटत नसेल तर घडणावळीचा काही भाग धरायला हरकत नाही, पण तो ४२ ग्रॅमवर धरा. जुन्या लाखेच्या कामाला बाजारात त्यासाठी वेगळे पैसे देणारं गिऱ्हाईक मी तरी फारसं बघितलेलं नाही. माळेत खऱ्या जुन्या मोहरा ओवलेल्या असत्या तर गोष्ट निराळी होती. मग नाण्यांच्या जाणकाराला दाखवल्याशिवाय वजनावर जाऊच नका असं सांगितलं असतं.

मामांचा मधला आकडा धरला असता तर काय झालं असतं तेही बघा. तो येतो ४,६२,०९०, तिघांत प्रत्येकी १,५४,०३०. वरच्या हिशेबाने प्रत्येकी १,२०,४००. दादाने दोन्ही बहिणींना मिळून सदुसष्ट हजार जास्त दिले असते, आणि ते कशाबद्दल हे कुणालाच सांगता आलं नसतं.

धाकटी तरीही ६,२९,३०१ वर अडून बसली तर वाद घालू नका. तिला एवढंच विचारा, की मग माळ तूच ठेवशील का, आणि आम्हा दोघांना प्रत्येकी २,०९,७६७ देशील का? ती हो म्हणाली तर प्रश्नच मिटला, दादाने मोठ्या मनाने माळ द्यावी. नाही म्हणाली तर तो आकडा तिलाही खरा वाटत नाही हे तिचं तिलाच कळेल. दादालाही हाच प्रश्न २,९४,८८० बद्दल उलटा विचारता येतो, या भावाने तुझा हिस्सा विकून माळ बहिणीला देशील का म्हणून. तो 'मायनी माळ शे, इकानी नई' म्हणेल, आणि मग त्याच्याही लक्षात येईल की पेढीचा भाव त्याला स्वतःला नको आहे.

वाटणी रुपयांत न लिहिता ग्रॅममध्ये लिहा. ३६.१२ चे तीन भाग, प्रत्येकी १२.०४ ग्रॅम शुद्ध सोनं. कागदावर असं लिहायचं: माळ दादाकडे, दादा दोन्ही बहिणींना प्रत्येकी १२.०४ ग्रॅम शुद्ध सोन्याची किंमत देणार, ज्या दिवशी देईल त्या दिवसाच्या चोवीस कॅरेटच्या, जीएसटी न धरलेल्या भावाने. कुठल्या पेढीचा फलक प्रमाण मानायचा तेही लिहा, कारण जळगावात दोन दुकानांच्या भावात त्याच दिवशी फरक असतो. असं केलं की दादा 'कापूस विकल्यावर देतो' म्हणाला तरी कुणाचं नुकसान नाही. मधल्या काळात भाव चढला तर तुमच्या हिश्शाचाही चढला, उतरला तर दोन्हीकडे उतरला. तोपर्यंत रोज भाव बघत बसायचं कारण उरत नाही.

तुमची आई हिंदू उत्तराधिकार कायद्याखाली येत असेल, तिने मृत्युपत्र केलेलं नसेल आणि वडील नाहीत, तर मुलगा आणि मुली यांचा हिस्सा सारखा, हे कायद्यातच आहे. लग्न झालेल्या मुलीचा कमी असा प्रकार नाही. दादाने तसं काही म्हटलंय असं तुमच्या पत्रात नाही, पण मामांच्या तोंडून येऊ शकतं म्हणून सांगून ठेवलं.

आता वहीतले पाच तोळे. आज दुकानात तोळा म्हटलं की दहा ग्रॅम, पण आईच्या किंवा आजीच्या काळातला जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. पाच तोळे म्हणजे ५८.३ ग्रॅम. आज माळ ५८ भरतेय. पाव-अर्धा ग्रॅमचा फरक बदललेल्या गोंड्याने किंवा भोकातून झडलेल्या सुक्या लाखेने सहज पडतो. वहीतलं वजन लाखेसकट आहे आणि पेढीवाल्याचे अडतीस ग्रॅम हा त्याचा निव्वळ सोन्याचा अंदाज, त्यामुळे दोन्ही आकडे एकत्र खरे असू शकतात. माळेचं वजन वहीशी जुळत असताना वहिनीवर संशय घ्यायला काडीचाही आधार नाही. हे मात्र तुम्ही धाकटीला आखाजीच्या आधी फोनवरच सांगा, वहिनीसमोर नको.

तिसरा व्हॅल्युअर लागेल का, तर वाटणीपुरता नाही. उघडलेले मणी आणि भट्टीचा अहवाल यापुढे तिसऱ्याचं मत काय करणार? पुढे दादाला माळ कधी विकायची झाली तर मात्र एक कागद उपयोगी पडेल. वारशाने आलेल्या आणि १ एप्रिल २००१ च्या आधीपासून घरात असलेल्या दागिन्याची मूळ किंमत म्हणून त्या तारखेची बाजारकिंमत धरता येते आणि नफ्यावरचा कर तिच्यापासून मोजतात. तेव्हा सोनं दहा ग्रॅमला साधारण सव्वाचार हजार होतं, म्हणजे तुमच्या माळेतलं सोनं पंधरा हजारांच्या आसपास. नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून तो अहवाल घेताना ढोबळ वजन, लाख वजा जाऊन निव्वळ वजन, टंच आणि तो कसा काढला, भावाची तारीख आणि अहवाल कशासाठी हवाय, हे सगळं लिहून घ्यायला लावा. भट्टीच्या अहवालाची प्रत त्याला द्या, म्हणजे त्याला मालकाच्या शब्दावर कॅरेट लिहावं लागणार नाही.

आणि धाकटीचा जुना कागद तिच्या मुलाच्या फाइलमध्ये आधीच गेला असेल तर निव्वळ वजनाचा अहवाल आल्यावर तो बदलून देता येतो का, हे तिने त्या व्हॅल्युअरलाच विचारावं. वाटणीच्या कागदाला तो जोडू नका.

– नाना